शनिवारच्या सातबाऱ्याच्या स्लाइड: भाषेचं गुरुवारपर्यंत ठरवा

अनघा, सोमवार रात्री

मंडळी,
वैशालीच्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, गावच्या जमिनीवरचं बोलणं शनिवारी आहेच. अण्णा मराठीत बोलणार, त्यावर चर्चा नको. घोळ स्लाइडचा आहे. त्यांच्या सगळ्या स्लाइड मराठीत होत्या. मकरंदने त्या इंग्रजी करून पाठवल्या आणि आता अण्णा म्हणतात, "या माझ्या नाहीत." येणाऱ्यांत विशी-तिशीतली मुलं बरीच आहेत, काही अमराठी सुना-जावई आहेत, आणि भारतातून इथे आलेले आई-बाबा तर पहिल्या रांगेत असणारच. शुक्रवारी सकाळी प्रिंट टाकायचे आहेत. दिवाळीच्या वेळी हॉलमध्ये उभ्या उभ्या झालं तसं या वेळी नको.

सुहासकाका, सोमवार रात्री

अनघा, यात ठरवायचं काय आहे? मंडळ मराठी, वक्ता मराठी, सातबारा मराठी. मुलांना वाचता येत नसेल तर रविवारची शाळा आहे, तिथे यावं. दर कार्यक्रमात हाच प्रश्न आणि दर वेळी माघार आपलीच.

मकरंद, मंगळवार सकाळी

काका, शाळेचा विषय वेगळा. जमीन उद्या या मुलांच्याच नावावर येणार आहे. इंग्रजी झाडून सगळ्यांना वाचता येतं, मराठी निम्म्यांना. म्हणून मी सरळ केलं: फेरफारचं 'म्यूटेशन', इतर हक्कचं 'अदर राइट्स', कुलमुखत्यारपत्राचं 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी'. पुण्याच्या वकिलांच्या इंग्रजी पत्रांत हेच शब्द असतात, मी मनाने काढलेले नाहीत. चाळीस स्लाइड दोन्ही भाषांत केल्या तर अक्षर मुंगीएवढं होईल.

दीपक, मंगळवार सकाळी

विषय निघालाच आहे तर, आमच्या नाशिकच्या फ्लॅटचा सातबारा ऑनलाइन सापडत नाहीये. आईच्या नावावर आहे. बिल्डरचं नाव दिसतं, आमचं नाही. अण्णा शनिवारी बघतील का? मी लॅपटॉप घेऊन येतो.

वैशाली (अण्णा सांगताहेत, मी टाइप करतेय), मंगळवार दुपारी

सर्वांना नमस्कार. मकरंदराव, तुम्ही कष्ट घेतलेत, राग मानू नका. माझी अडचण इंग्रजीशी नाही. तहसील कार्यालयात तीस वर्षं काढली, इंग्रजी पत्रं मीही लिहिली. अडचण अशी की तुमचा मुलगा उद्या गावी जाईल तेव्हा त्याच्या हातात पडणारा कागद मराठीत असेल. त्यावर 'म्यूटेशन' कुठेच छापलेलं नसतं, 'फेरफार क्र.' असतं. तो शब्द दिसला की ओळखता आला पाहिजे, नाहीतर माझं व्याख्यान ऐकून उपयोग काय?

दुसरं. 'इतर हक्क'चं 'अदर राइट्स' केलंत, शब्दाला शब्द बरोबर आहे. पण ऐकणाऱ्याला वाटेल काहीतरी जास्तीचं मिळालं. त्या रकान्यात बँकेचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, दुसऱ्याची वाट असते. आणि पूर्वी भावांची नावं कब्जेदार म्हणून लावून बहिणींची नावं या रकान्यात ढकललेली असायची. म्हणजे ज्या मुलीचं नाव तिथे आहे तिने 'अदर राइट्स' वाचून निश्चिंत व्हायचं की जागं व्हायचं? हे एका शब्दात बसत नाही, एक वाक्य लागतं. ते वाक्य इंग्रजीत असलं तरी माझी हरकत नाही.

तिसरं, उदाहरणाच्या उताऱ्यात क्षेत्र ०.४०.५० आहे. तुमच्या स्लाइडवर '०.४० एकर' झालंय. ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं वाचायचं असतं: शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. एकूण ४,०५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पूर्ण एक एकर. निम्म्याहून जास्त जमीन भाषांतरातच गेली.

दीपकराव, बिगरशेती जमीन असेल तरी सातबाऱ्यावर फ्लॅटवाल्यांची नावं बहुधा नसतात. तुमचे कागद म्हणजे नोंदणी झालेला करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. शहरात भूमापन झालेलं असेल तर प्रॉपर्टी कार्ड वेगळं. शनिवारी मी शेतीबद्दलच बोलणार आहे.

मकरंद, मंगळवार दुपारी

एकरचं मान्य, दुरुस्त करतो. पण मूळ मुद्दा तसाच राहतो. अमराठी जावयाने 'फेरफार' वाचायचं कसं?

ऋतुजा, मंगळवार संध्याकाळी

मी बोलते, आई टाइप करते. मला देवनागरी हळूहळू वाचता येतं, जोडाक्षर आलं की अडकते. मला स्लाइडवर तीन गोष्टी हव्यात: देवनागरी शब्द मोठा, त्याखाली रोमनमध्ये उच्चार, आणि त्याखाली एक इंग्रजी वाक्य. नुसतं रोमन नको. मागच्या वर्षी बाबांबरोबर भूलेखच्या साइटवर आमचं गाव शोधत होतो, तेव्हा मला उच्चार माहीत होता पण पडद्यावरचं अक्षर ओळखता येत नव्हतं.
आणि एक. '7/12' असं नुसतं लिहू नका. माझ्या मैत्रिणीने फ्लायर बघून विचारलं, सात डिसेंबरला काय आहे?
आकडे पण. आजोबांच्या जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यात १ मला नऊसारखा दिसला होता. गट नंबर चुकीचा टाकला आणि दुसऱ्याच कोणाची तरी जमीन निघाली.

सुहासकाका, मंगळवार रात्री

ऋतुजा शाबास. पण रोमन उच्चार कुठल्या स्पेलिंगने? मकरंद 'फ'ला पी-एच लिहितो, वैशाली एफ. आमच्या सोसायटीत गुंठ्याचं स्पेलिंग तीन शेजाऱ्यांनी तीन तऱ्हांनी केलंय. यासाठी एक समिती नेमा आता.

प्रशांत, मंगळवार रात्री

हॉलचं तांत्रिक काम माझ्याकडे आहे म्हणून लिहितो, शब्द तुम्ही ठरवा. तिथला लॅपटॉप विंडोज आहे, मकरंदचा मॅक. मॅकचा देवनागरी फॉन्ट तिथे नसेल तर पॉवरपॉइंट आपल्या मनाने दुसरा लावतो. ओळी लांबतात, चौकटीबाहेर जातात, वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. दिवाळीला 'आभार प्रदर्शन' दोन तुकड्यांत दिसलं होतं ते यामुळेच. फाइल पीडीएफ करून पाठवा. अ‍ॅनिमेशन जाईल, जाऊ दे. आणि अण्णांच्या जुन्या पेन ड्राइव्हवरच्या स्लाइड जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. इथे उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यातून कॉपी करू नका, नव्याने टाइप करावं लागेल. देवनागरीला ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा.

मकरंद, बुधवार सकाळी

नव्याने टाइप कोण करणार? ऋतुजाच्या पद्धतीने एका स्लाइडवर दोनच शब्द बसतील. चाळीसच्या साठ होतील. मी सोपी वाट सुचवतो: मराठी शब्द आणि पुढे कंसात इंग्रजी. उताऱ्यावर नावांपुढेही तसंच, 'सखाराम', कंसात इंग्रजी नाव.

वैशाली (पुन्हा अण्णा), बुधवार दुपारी

कंस नको! हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात एखाद्याचं नाव कमी झालं की त्या नावाला कंस करतात. आमच्याकडे 'कंस केला' म्हणजे त्याचा हक्क संपला. संगणकावरच्या उताऱ्यात तेच नाव आडव्या रेघेने खोडलेलं दिसतं. तुम्ही उताऱ्याच्या चित्रावर सखारामाला कंस घातलात तर पहिल्या रांगेतले सगळे म्हणतील, सखाराम गेला, आता वारस कोण? हसू नका, मी खरंच सांगतो.

माझं म्हणणं असं. चाळीस स्लाइड लागतातच कशाला? एक उतारा पूर्ण पडदाभर लावा. त्यावर पाच जागांना आकडे द्या: गट नंबर, भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, फेरफार क्रमांक, इतर हक्क. उताऱ्याला हात लावू नका. पुढच्या पाच स्लाइडवर एकेक जागा मोठी करून ऋतुजाच्या पद्धतीने शब्द, उच्चार, वाक्य. बाकी मी तोंडाने सांगेन, मधे मधे वैशाली इंग्रजीत दोन वाक्यं बोलेल. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर विकण्याआधी परवानगी लागते, ते मी वेगळं सांगणारच आहे. त्याला एक स्लाइड जास्तीची.

मुखत्यारपत्राचं मात्र नीट करा. तुम्ही सगळीकडे 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' आणि मराठीत सगळीकडे 'कुलमुखत्यारपत्र' लिहिलंय. कुल म्हणजे सगळ्या कामांचं. एका वारसनोंदीसाठी ते देऊ नये. त्याच कामापुरतं लिहिलेलं खास मुखत्यारपत्र वेगळं. नुसतं इंग्रजी ठेवलं तर हा फरक पुसला जातो आणि नुसतं 'कुल' ठेवलं तर कोणीतरी जाऊन चुलत भावाला सगळं देऊन येईल. दोन्ही शब्द दोन ओळींत हवेत. आणि देणारा वारला की ते पत्रही संपतं, हे इंग्रजीत ठळक लिहा.

दीपक, बुधवार संध्याकाळी

मी सहा वर्षांपूर्वी मामेभावाला कुल दिलंय. ते रद्द कसं करायचं? आणि परदेशात केलेला कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत स्टँप करायचा असतो ना, आमचा केला की नाही ते आठवत नाही.

सुहासकाका, बुधवार रात्री

दीपक, ते अण्णांना शनिवारी चहाच्या वेळी विचार, लिस्टवर घरचं कशाला.
अण्णांची पद्धत मला पटली, कारण कागद मराठीच राहतो. पण निमंत्रणावरचं शीर्षक इंग्रजीत वर आणि मराठी खाली कसं गेलं, ते कोणी ठरवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

मकरंद, बुधवार रात्री

मी ठरवलं. फ्लायरचं काम माझ्याकडे होतं. अण्णा, सहा-सात स्लाइड म्हणताय तर मी टाइप करतो, पण अमराठी मंडळींसाठी एक पानाचा इंग्रजी कागद वेगळा करणार. त्यात 'म्यूटेशन' राहील, कारण वकिलाला पत्र लिहिताना तोच शब्द लागतो.

वैशाली, गुरुवार सकाळी

अण्णांना कागद चालेल, पण 'म्यूटेशन'च्या आधी 'फेरफार' देवनागरीत हवं असं म्हणताहेत. शिवाय 'तलाठी' लिहू नका, आता पदाचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' आहे. मी म्हटलं गावात सगळे तलाठीच म्हणतात, मुलं कोणाला शोधणार? त्यावर ते अजून विचार करताहेत. मला विचाराल तर दोन्ही ठेवा.

अनघा, गुरुवार दुपारी

ठीक. एक उतारा, पाच जागा, वर्ग २ आणि मुखत्यारपत्राची एकेक स्लाइड. मकरंद, आज रात्री दहापर्यंत पीडीएफ प्रशांतकडे. आकडे दोन्ही लिपींत. रोमन स्पेलिंग वैशालीचं, कारण अण्णा तिच्या शेजारी बसलेले आहेत. फ्लायरचं काकांनी पुढच्या कार्यकारिणीत मांडावं. तलाठ्याचं अण्णा सांगतील तसं. दीपक, लॅपटॉप आणू नकोस.

प्रशांत, गुरुवार दुपारी

उताऱ्याचं चित्र स्कॅन आहे की फोनवरून काढलेला फोटो? फोटो असेल तर पडद्यावर क्षेत्राचे टिंब दिसणार नाहीत आणि ०.४०.५० चं ०४०५० होईल. साइटवरून पुन्हा डाउनलोड करून पाठवा.