मदत हवी आहे: हळूहळू कामावर परतण्यासाठी मेल कसा लिहू?

खापरीवाली: मिस्टरांना जाऊन महिना झाला. मी मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, 8 जूनला रुजू व्हायचंय. पूर्ण दिवस जमेल असं वाटत नाही. रोज साडेपाचला त्यांचा फोन यायचा, "निघालीस का?" आता ती वेळ ऑफिसात काढायची भीती वाटते. मेलमध्ये एवढंच लिहिलंय: "मनःस्थिती ठीक नाही, काही दिवस कमी तास काम करू दिल्यास आभारी राहीन." पुरेसं आहे का?

वऱ्हाडी_भाऊ: ताई, विनंती काहून करता? कायद्यानं सुट्टी द्यावीच लागते.

निवृत्त_एचआर: भाऊ, अर्धं बरोबर आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, अर्जित रजा वेगळी. पण जोडीदार गेल्यावर खाजगी नोकरीत वेगळी रजा द्यायची सक्ती नाही. त्यामुळे मेलमध्ये कायदा आणू नका.
ताई, "काही दिवस"वर मॅनेजर अडकतो, कारण त्याला वर तारीख सांगावी लागते. "कमी तास"ही नको. उद्या कोणी त्याला पार्टटाइम समजून पगारच बदलेल. "हाफ डे, अर्जित रजेतून" असं लिहा. रजा किती शिल्लक आहे?

खापरीवाली: 14. शनिवार-रविवार सुट्टी असते.

सुनंदामावशी: बाई, आमच्या जाऊबाईंना दिरांच्या जागेवर अनुकंपावर नोकरी लागली होती. तू अर्ज केलास का?

खापरीवाली: मावशी, ते सरकारी नोकरीत. ही माझीच नोकरी आहे.

निवृत्त_एचआर: मग हिशोब असा. 8 ते 19 जून रोज हाफ डे, म्हणजे 5 रजा. 22 जून ते 3 जुलै पूर्ण दिवस, फक्त बुधवारी सुट्टी, म्हणजे 2. 6 जुलैपासून नेहमीसारखं. 7 रजा उरतात. त्या बँकेच्या आणि पीएफच्या चकरांना लागतीलच, आता संपवू नका.
मेल असा लिहा:

"सर, 8 जूनपासून रुजू होत आहे. 19 जूनपर्यंत हाफ डे, दुपारी दीडपर्यंत काम करीन. वेंडरची बिलं मी बघीन, महिनाअखेरचं क्लोजिंग या वेळी दुसऱ्या कोणाकडे द्यावं. पुढचे दोन आठवडे फक्त बुधवारी सुट्टी हवी. हे सर्व अर्जित रजेत धरावं. 19 तारखेला बोलून पुढचं ठरवू. टीमला आधी कळवलंत, तर मला प्रत्येकाला सांगावं लागणार नाही."

मनःस्थितीचं वाक्य काढलं तरी चालेल. त्यांना माहीत आहेच.

खापरीवाली: शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातच नव्हतं. क्लोजिंग सोडायला मात्र मन धजत नाही, तीन वर्षं मीच करतेय.

वऱ्हाडी_भाऊ: मग क्लोजिंग ठेवा न ताई, रिकामं बसण्यापेक्षा बरं.

निवृत्त_एचआर: मला नाही पटत. क्लोजिंगला रात्रीचे आठ वाजतात, मग हळूहळू परतण्याला अर्थ काय?

खापरीवाली: मेल पाठवला, क्लोजिंगचं वाक्य ठेवून. सरांचं उत्तर आलं: हाफ डे चालेल, बुधवारचं 19 ला बघू.