मदत हवी आहे: चूक सांगितली की अकरा वर्षांचा बॅटर मिटूनच जातो

मैदानकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी नाशिकला शनिवार-रविवार बारा वर्षांखालच्या मुलांच्या क्रिकेट बॅचला मदत करतो. स्वतः बरीच वर्षं क्लब क्रिकेट खेळलोय, पण शिकवण्याचं शिक्षण घेतलेलं नाही.

बॅचमध्ये अकरा वर्षांचा एक उजवा बॅटर आहे. हात छान आहेत, टायमिंग उपजत आहे. दोष एकच: पुढे खेळताना डावा पाय सरळ न जाता ऑफ स्टम्पकडे आडवा पडतो, त्याच्यामागे डोकंही तिकडेच झुकतं. मग मिडल स्टम्पवरच्या बॉलला बॅट पॅडला वळसा घालून आणावी लागते. एकतर एलबी, नाहीतर बोल्ड. गेल्या चार सामन्यांत तीनदा असाच गेला.

मी त्याला दर बॉलला सांगत आलो. "डोकं पडलं", "पाय सरळ", "कोपर वर", "पुन्हा तेच!" रागाने नाही हो, खरंच नाही. पण गेल्या रविवारी एका पालकाने काढलेला नेटमधला व्हिडिओ पाहिला आणि पोटात खड्डा पडला. 24 बॉल होते, त्यांत मी 19 वेळा बोललोय. मुलगा बॉल मारून झाल्यावर बॉल कुठे गेला ते बघतच नाही. दर वेळी मान वळवून माझ्याकडे बघतो. आणि शेवटच्या दहा बॉलांत त्याने बॅट फिरवलीच नाही, फक्त अडवत राहिला. हाच मुलगा दोन महिन्यांपूर्वी बॉलरच्या डोक्यावरून मारायचा.

त्याची चूक दुरुस्त तर व्हायला हवी. पण कशी सांगू म्हणजे तो असा आक्रसणार नाही? आता प्रश्न विचारून बघतो, "असा का खेळलास?" वगैरे. तर तो आणखीनच गप्प होतो.

पेणकर_काका

आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. आमच्या ऑफिसात प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं आणि घरी नातवंडांवरही चालतं. "मस्त उभा राहिलास, फक्त पाय आडवा गेला, पण जोर छान होता." मुलाला बरं वाटतं.

समईची_वात

माझ्या मुलीचंही असंच होतं, ती लेदर बॉलला घाबरायची. आम्ही दोन महिने पुन्हा टेनिस बॉलवर आणलं, चांगलं हेल्मेट घेतलं, मग भीती गेली. तुमच्या मुलालाही बॉल लागला असेल कधीतरी, विचारून बघा. घाबरलेलं मूल सांगत नाही.

मैदानकर

ताई, विचारून बघेन. पण घाबरलेलं मूल लेगला पळतं ना, हा तर बॉलच्या दिशेनेच जातो, जास्तच जातो. मला वाटतं तो बॉलला नाही, मला घाबरायला लागलाय. काका, कौतुकाचं करून बघितलं. "छान" म्हटलं की तो पुढच्या "पण"ची वाट बघत उभा राहतो.

नेट_नंबर_दोन

मी पंधरा वर्षं मुलामुलींना बॅटिंग शिकवते. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला मान वळवून बघण्याची वाटली. बॉल बरा खेळला की वाईट, हे तो बॉलवरून न ठरवता तुमच्या चेहऱ्यावरून ठरवतोय. सामन्यात तुम्ही तिथे नसता, तेव्हा त्याच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून चूक गोड शब्दांत सांगून भागणार नाही. ती त्याला स्वतःला दिसेल असं काहीतरी करावं लागेल.

आधी तुमच्या प्रश्नाबद्दल. "असा का खेळलास?" हा प्रश्न नाहीच, तो जाब आहे. आपल्याकडे मुलांना घरी, शाळेत "का रे?" ऐकू येतं ते ओरडा खातानाच, त्यामुळे उत्तर एकच येतं: खाली मान. शिवाय त्याला खरोखरच माहीत नसतं. पाय का आडवा गेला हे मोठ्या बॅटरलाही सांगता येत नाही. "कुठे", "किती", "कुठल्या बाजूला" असं विचारा. या प्रश्नांना मूल बघून उत्तर देऊ शकतं.

आता करायचं काय. मॅटिंग असेल तर मिडल स्टम्पपासून बॉलरकडे खडूने सरळ रेघ मारा, चारेक फूट. त्याच्या डाव्या बुटाच्या तळव्याला पुढच्या भागात खडू घासा. तुम्ही दहा-बारा पावलांवरून हाताखालून, मिडल स्टम्पवर, पुढ्यात पडतील असे सहा बॉल टाका. तुमच्या मागे बॉलरचे स्टम्प आणि मिड-ऑन यांच्यामध्ये दोन मार्कर ठेवा, तीन-चार पावलांच्या अंतराने. त्याला सांगायचं एवढंच: मार्करच्या मधून घालव. सहा बॉल होईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जड जाईल.

मग विचारा, "सहापैकी किती गेले मधून?" तो मोजेल. नंतर, "पाय रेघेच्या कुठल्या बाजूला पडला असं वाटतं?" उत्तर आधी घ्या, मग दोघं मिळून वाका आणि खडूचे ठसे बघा. इथेच खरी गोष्ट कळते. त्याला पाय सरळ पडल्यासारखा वाटत असेल आणि ठसा रेघेपलीकडे ऑफला चार बोटं असेल, तर त्याला ते जाणवतच नाहीये. मग तुम्ही शंभरदा "पाय सरळ" म्हटलं तरी तो प्रामाणिकपणे सरळच टाकतोय, त्याच्या मते. त्याला बरोबर जाणवत असेल, तर ठशांची गरज नाही, थेट "मग काय बदलून बघशील?" विचारा. त्यावर "माहीत नाही" आलं तर उत्तर देऊ नका, दोन पर्याय द्या आणि निवडू द्या.

दुसरं, शब्द. एका वेळी एकच, दोन-तीन अक्षरांचा, आणि बॉल येण्याआधी. खेळून झाल्यावर नाही. तुम्ही म्हणता ते डोकं, कोपर, पाय हे सगळे त्याचे अवयव आहेत. त्यांच्याकडे लक्ष गेलं की हालचाल ताठरते. लक्ष बाहेर, म्हणजे बॉल कुठे जायला हवा तिकडे असेल तर शरीर आपलं आपण जुळवून घेतं. गॅब्रिएल वुल्फ यांनी 1998 मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर असा प्रयोग मांडला होता, त्यानंतर बऱ्याच खेळांत हे तपासलं गेलं. नेटमध्ये मला ते रोज दिसतं.

विकेटकीपर_९

एवढं लाडवायचं कशाला? आचरेकर सरांनी सचिनला कधी "वेल प्लेड" म्हटलं नाही. 2013 मध्ये वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिनने स्वतः सांगितलं. बिघडला का तो?

नेट_नंबर_दोन

दादा, बरोबर आहे, आणि त्याच सरांचं स्टम्पवरचं रुपयाचं नाणंही आठवा. बाद करणाऱ्या बॉलरला नाणं, शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनला. सचिन नेट संपल्यावर सरांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, नाणं कुणाला मिळालं ते बघत होता. मी मार्कर आणि खडू सांगितला तो याच कामासाठी. कौतुक नको म्हणून दर बॉलला चूक सांगा, असं त्यातून निघत नाही. चूक दुर्लक्षित करा असंही मी म्हणत नाहीये. बॅटची पकडच उलटी असेल किंवा इजा होईल असं काही असेल तर तिथे प्रश्न विचारत बसायचं नाही, सरळ दाखवायचं आणि पुढे जायचं. सात-आठ वर्षांच्या मुलांनाही मी दाखवतेच.

कोकणातला_फिरकीपटू

बॅट कितीची आहे त्याची? आमच्याकडे पालक "पुढच्या वर्षी पुरेल" म्हणून एक साइझ मोठी घेतात. जड बॅट वरच्या हाताला पेलत नाही, मग खालचा हात ओढतो आणि बॅट आडवी येते. अशाला खडू लावून काय होणार.

मैदानकर

दोन आठवड्यांनी लिहितोय.

पहिल्या शनिवारी ताईंनी सांगितलं तसं केलं. सहा बॉल गप्प बसणं खरंच अवघड गेलं, तिसऱ्या बॉलला "पाय" तोंडात आला होता, गिळला. सहापैकी एक मार्करमधून गेला, चार स्क्वेअर लेगकडे, एक पॅडवर. विचारलं पाय कुठे पडला. "रेघेवर." वाकून बघितलं तर पाच ठसे रेघेपलीकडे, ऑफला. तो बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, मी बॉलच्या रस्त्यातच उभा राहतोय."

मी तीन आठवडे हेच सांगत होतो.

काय करून बघशील विचारल्यावर त्याने स्वतःच शोधलं. म्हणाला, बॉलचा रूळ एक आणि पायाचा रूळ शेजारचा. घर रेल्वेलाइनजवळ आहे त्याचं. आता आमचा शब्द "रूळ". मी बॉल सोडण्याआधी एकदा म्हणतो, नाहीतर तोच पुटपुटतो. त्या दिवशी पाचव्यांदा सहा बॉल टाकले तेव्हा चार गेले मधून. गेल्या रविवारी पुन्हा दोनवर आला होता, पण त्याला कळत होतं. बॉल पॅडवर बसला की स्वतःच "रूळ चुकला" म्हणायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मान वळवणं कमी झालंय, गेलेलं नाही.

कोकणातले दादा, तुमचंही बरोबर निघालं. बॅट थोरल्या भावाची, त्याच्या कमरेच्या बरीच वर येते. मित्राच्या लहान बॅटने खेळवलं तेव्हा डोकंही कमी पडलं. म्हणजे किती बॅटमुळे आणि किती खडूमुळे, आता मला सांगता येत नाही.

नेट_नंबर_दोन

दोन्ही एकदम बदललंत म्हणून. पुढच्या वेळी बॅट लहानच ठेवून रेघेशिवाय सहा बॉल टाका, ठसे तेवढे बघा. "रूळ" मात्र त्याचाच राहू द्या. इतर मुलांना वापरायला देऊ नका, त्यांचे शब्द त्यांना सापडू देत.

समईची_वात

सामन्यात काय करता? आमच्याकडे सगळं तिथेच बिघडतं.

मैदानकर

सामन्यात मी आता काहीच दुरुस्त करत नाही. तो पॅड बांधत असताना एकदा "रूळ" म्हणतो, बस्स. अडचण वेगळी आहे. परवाच्या सामन्यात त्याचे बाबा सीमारेषेवरून दर बॉलला "अरे पाय काढ!" ओरडत होते, आणि तो पुन्हा मान वळवायला लागला, या वेळी त्यांच्याकडे. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत, मुलासाठी जिवाचं रान करतात. त्यांना दुखवायचं नाहीये. कुणी असं पालकांशी बोललंय का?

पेणकर_काका

त्यांना नेटमध्ये बोलवा आणि ठसे मोजायचं काम द्या. वही-पेन त्यांच्या हातात. मोजणारा माणूस ओरडत नाही, निदान मी तरी ओरडलो नसतो.