विषय: गावचं घर – स्लॅब, कौलं आणि जोतं

सुहास:
मंडळी, संगमेश्वरजवळ गावी निवृत्तीनंतरचं घर बांधतोय. आर्किटेक्टबाईंचं पत्र त्यांना विचारून खाली देतो. आमच्या दोन मागण्या त्यांनी सरळ बदलल्यात. काय वाटतं?

«सुहासदादा, नमस्कार.

तुम्हाला सपाट गच्ची आणि अर्ध्या फुटाचं जोतं हवं होतं. दोन्ही बदललं आहे.

आधी छप्पर. पहिली काही वर्षं घर पावसाळाभर बंद राहणार, हे धरून विचार केला. सपाट गच्चीवर आंब्याची पानं पन्हाळीच्या तोंडाशी अडकतात, पाणी तुंबतं आणि ती काढायला घरात कुणी नसतं. नुसती कौलं घातली तर वानरं उड्या मारतात. एक कौल सरकलं तरी खालची गादी चार महिने भिजत राहते. म्हणून खोल्यांवर स्लॅब आणि त्यावर लोखंडी सांगाड्यावर मंगलोरी कौलं. घराची रुंदी २४ फूट. ३० अंशांचा उतार धरला तर मधलं आढं स्लॅबपासून साधारण ७ फूट वर जातं. खर्च वाढतो, हे मान्य. पण स्लॅबला मागच्या बाजूला थोडा उतार देऊन एक पाइप भिंतीबाहेर काढला आहे. पावसात त्यातून पाणी गळताना दिसलं, की वर कौल फुटलं असं समजायचं. शेजारच्या काकांना ते परसातूनच दिसेल, कुलूप उघडावं लागणार नाही.

आता जोतं. पागोळ्यांचा चिखल भिंतीवर दीड फुटापर्यंत उडतो, आणि जांभा पाणी ओढतो. अर्ध्या फुटाच्या जोत्यावर दोन पावसाळ्यांत आतल्या रंगाला पोपडे येतील. जोतं पुढच्या अंगणापासून २ फूटच ठेवते, वळचण ३ फूट बाहेर काढते. पायऱ्या नकोत ही तुमची अडचण खरी आहे, पण पुढून उतरण काढायची तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी लागते. म्हणजे २४ फूट, अख्खं खळं त्यातच जाईल. तुमची जागा मात्र मागे दीड फूट उंच आहे. मागच्या दारी फक्त अर्धा फूट उरतो, तिथे ६ फुटांची उतरण पुरते. चाकाची खुर्ची तिथून येईल.

धोकाही तिथेच आहे. डोंगराचं पाणी त्याच बाजूने येतं. म्हणून मागच्या भिंतीपासून ४ फूट सोडून उघडं गटार, आणि उतरण त्यावरून लादी टाकून नेली आहे. गटार झाकू नका. झाकलं की पाला आत बसतो आणि पाणी जोत्याला टेकतं.

न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं ठेवलं आहे. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अंगालाच अडतं. आधाराच्या दांड्यांसाठी भिंतीत, फरशीपासून अडीच ते पावणेतीन फुटांवर, काँक्रीटचा पट्टा आताच ओततो. जांभ्याच्या चिऱ्यात मारलेला स्क्रू माणसाचं वजन घेत नाही, दोन-चार झटक्यांत भोक सैल होतं.»

नंदू:
एवढं कशाला? स्लॅबवर रंगीत पत्रा टाका. आमच्याकडे गावात सगळे तेच करतात. वानराने फुटत नाही, खर्च निम्मा.

मीना:
नंदू, वानरांचं बरोबर. पण पत्रा फुटत नसला तरी गळतो, आणि गळतो तो स्क्रूपाशी. खालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो. कापलेल्या कडांना गंजही धरतो, खाडीच्या वाऱ्यात लवकर. दर काही वर्षांनी वर चढून स्क्रू तपासणारा माणूस असेल, तर पत्रा चालेल. खर्च कमी होईल, पण निम्मा होईल असं सरसकट सांगता येणार नाही. सांगाडा दोन्हीकडे लागतोच.

प्रभाकर:
सोलापूरच्या आमच्या घराची गच्ची गळते, तिथेही असंच कौलारू करावं का? ३० अंश लागतातच का?

मीना:
प्रभाकरकाका, तुमच्याकडे पाऊस कोकणाच्या मानाने फारच कमी. कौलांचा खर्च करू नका. आधी गच्चीवर पाणी कुठे तुंबतं ते पाहा, आणि कठड्याच्या कोपऱ्यातली चीर तपासा. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते.

सुहास, बाईंची योजना मला पटली. एकच विचारा: सांगाड्याचे पाय स्लॅबवर कसे उभे करणार? स्लॅब ओतल्यावर भोकं पाडून बोल्ट मारले, तर कौल फुटल्यावर पाणी तिथूनच खोलीत उतरेल. मग त्या पाइपचा उपयोग काय? पायाखालच्या प्लेटा ओतकामाच्या वेळीच बसवायला हव्यात, आणि प्लेटेभोवती दोन-तीन इंचांचा उंचवटा हवा.

सुहास:
विचारलं. नकाशात बोल्टच दाखवलेत. मिस्त्री म्हणतो, नंतर भोकं पाडू, रसायन भरू. बाईंचं उत्तर यायचंय. स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे, तोवर थांबायला सांगितलंय.