शब्दचर्चा : ‘भाडेखरेदी’तील ‘व्याजांश’ आणि ‘रोख किंमत’

अनुवादिका :
हिशेबशास्त्रावरील एका प्रकरणाचे मराठी रूपांतर करताना मी पुढील वाक्य लिहिले आहे : ‘खरेदीदार प्रत्येक हप्त्यातील व्याजांश वेगळा काढतो आणि यंत्राच्या रोख किमतीवर घसारा आकारतो.’ वाक्य व्याकरणाने बरोबर असले, तरी त्यातील दोन शब्दांविषयी माझ्या मनात शंका आहे. ‘अंश’ म्हटले की ठरलेला, सारखा वाटा डोळ्यांसमोर येतो. मग एकूण व्याजाला हप्त्यांच्या संख्येने भागले की व्याजांश मिळतो, असे वाचकाने समजावे काय? आणि खरेदी हप्त्यांनी होत असताना ‘रोख’ किंमत कोठून आली?

उदाहरणातील आकडे असे आहेत. यंत्राची रोख किंमत 4,00,000 असून करार करताना 69,000 दिले. उरलेल्या रकमेसाठी दर वर्षाच्या अखेरीस 1,33,100 चे तीन हप्ते द्यायचे आहेत. व्याजाचा दर 10 टक्के, तर घसारा घटत्या शिलकेवर 10 टक्के आहे.

कारखानदार :
आमच्याकडे एक यंत्र याच पद्धतीने घेतलेले आहे आणि मला यात अडचण दिसत नाही. नावातच ‘भाडे’ असल्यामुळे आम्ही प्रत्येक हप्ता भाडे खात्याला नावे लिहितो, आणि करारावेळी दिलेली रक्कम तेवढी यंत्र खात्यात दाखवून तिच्यावर घसारा धरतो. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्र विक्रेत्याच्याच मालकीचे असते, मग पूर्ण यंत्र आपल्या वहीत का दाखवायचे?

वाणिज्य शिक्षक :
‘भाडे’ या शब्दाने अशी दिशाभूल होते, हे मी वर्गातही अनेकदा पाहिले आहे. कारखानदारांचे मालकीविषयीचे म्हणणे बरोबर आहे. भाडेखरेदीत मालकी शेवटच्या हप्त्याबरोबर हस्तांतरित होते, आणि ‘हप्तेबंदीने खरेदी’ या व्यवहाराहून तिचे वेगळेपण तेथेच आहे, कारण हप्तेबंदीत मालकी कराराच्या वेळीच मिळते.

अनुवादिकेच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सोपे आहे. एकूण द्यायची रक्कम 4,68,300 होते, तिच्यातून रोख किंमत वजा केली की 68,300 हे व्याज उरते, आणि ते दर वर्षी कमी होत जाते, कारण देणे कमी होत जाते. घसाऱ्याचे उलट आहे. जसजसे हप्ते फिटतात, तसतसा यंत्रातील आपला हिस्सा वाढतो, म्हणून घसाराही फिटलेल्या हिश्श्यावरच वाढत्या क्रमाने धरावा लागतो.

जुना हिशेबनीस :
शिक्षकांच्या उत्तराचा पहिला भाग मला मान्य आहे; दुसरा मात्र दुरुस्त करावा लागेल. आधी व्याजांश पाहू, कारण तो नीट कळला की घसाऱ्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

करारावेळचे 69,000 दिल्यावर देणे 3,31,000 उरते. त्यावर पहिल्या वर्षाचे व्याज 33,100 होते, म्हणून पहिल्या हप्त्यातील 1,00,000 मुद्दलापोटी जातात आणि देणे 2,31,000 वर येते. दुसऱ्या वर्षी व्याज 23,100 आणि मुद्दल 1,10,000, देणे 1,21,000. तिसऱ्या वर्षी व्याज 12,100 आणि मुद्दल नेमके 1,21,000, म्हणजे खाते शून्यावर मिटते. हप्ता तिन्ही वर्षी तोच आहे, पण त्याच्या पोटातील विभागणी दर वेळी वेगळी आहे. करारावेळच्या रकमेत व्याज मुळीच नसते, कारण त्या दिवशी देण्याला एक दिवसही उलटलेला नसतो. ‘व्याजांश’ या शब्दाला माझा विरोध नाही. मात्र तो एकूण व्याजाचा अंश नसून त्या हप्त्याचा अंश आहे, हे वाक्यातून कळले पाहिजे.

कोणी 68,300 चे तीन सारखे भाग केले, तर पहिल्या वर्षी सुमारे 22,767 व्याज लागेल आणि वर्षअखेरीस देणे सुमारे 2,20,667 दिसेल. विक्रेत्याकडून खातेउतारा मागवला तर त्यात 2,31,000 असेल. चूक उघड होण्याची ही पहिली जागा आहे. शेवटी दोन्ही रीतींनी खाते शून्यच होते, त्यामुळे तिसऱ्या वर्षापर्यंत थांबणाऱ्याला ती सापडत नाही, आणि तोवर तिन्ही वर्षांचे नफ्याचे आकडे चुकीचे लागलेले असतात.

अनुवादिका :
म्हणजे ‘त्या हप्त्यात सामावलेले व्याज’ असे उलगडून लिहिणे अधिक सुरक्षित होईल. ‘रोख किंमत’ या शब्दाचे काय?

जुना हिशेबनीस :
‘रोख किंमत’ म्हणजे रोखीने दिलेली किंमत नव्हे. हेच यंत्र त्याच दिवशी एकरकमी पैसे देऊन घेतले असते, तर जी किंमत पडली असती ती रोख किंमत होय. घसारा यंत्राच्या झिजेचा असतो, आणि यंत्र हप्त्याने घेतले म्हणून अधिक झिजत नाही. त्यामुळे 4,68,300 वर घसारा धरणे चूक आहे, कारण त्यातील 68,300 ही पैसे वापरल्याची किंमत असून तिची नोंद व्याज म्हणून स्वतंत्र होतेच. तीच रक्कम यंत्राच्या किमतीत धरली, तर खर्च म्हणून ती दोनदा लागण्याची वेळ येते.

आता शिक्षकांचा मुद्दा. यंत्र पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालते, त्याच्या दुरुस्तीचा आणि झिजेचा भार खरेदीदारच सोसतो. फिटलेल्या हिश्श्यापुरतेच यंत्र चालते असे कधी होत नाही. म्हणून घसारा पहिल्या वर्षापासून पूर्ण 4,00,000 वर लागतो, म्हणजे 40,000, मग 36,000 आणि 32,400.

वाणिज्य शिक्षक :
परंतु प्रत्यक्ष दिलेल्या रोख किमतीची एक मान्य पद्धत आहे, आणि तिच्यात यंत्र खात्याला केवळ दिलेले मुद्दलच नावे लिहिले जाते. माझे म्हणणे त्या पद्धतीला धरून होते.

जुना हिशेबनीस :
ती पद्धत आहे, आणि आपला गोंधळ बहुधा तेथूनच आला असावा. तिच्यात यंत्र खात्याची नावे बाजू हळूहळू वाढते हे खरे. घसारा मात्र तिच्यातही पूर्ण रोख किमतीवरच काढतात. दोन्ही पद्धतींच्या नोंदी शेजारी ठेवून पाहावे.

पूर्ण रोख किमतीच्या पद्धतीत खरेदीच्या दिवशी यंत्र खाते 4,00,000 ने नावे आणि विक्रेत्याचे खाते तेवढ्यानेच जमा होते. लगेच विक्रेत्याचे खाते 69,000 ने नावे आणि बँक खाते जमा. वर्षअखेरीस व्याज खाते 33,100 ने नावे, विक्रेत्याचे खाते जमा. हप्ता देताना विक्रेत्याचे खाते 1,33,100 ने नावे, बँक खाते जमा. त्यानंतर घसारा खाते 40,000 ने नावे, यंत्र खाते जमा. अखेरीस व्याज आणि घसारा ही दोन्ही खाती नफा-तोटा खात्यात बंद होतात. ताळेबंदात यंत्र 3,60,000 आणि विक्रेत्याचे देणे 2,31,000 दिसते.

प्रत्यक्ष दिलेल्या किमतीच्या पद्धतीत यंत्र खात्याला आधी 69,000 आणि वर्षअखेरीस 1,00,000 नावे पडतात, 40,000 घसारा वजा होतो, आणि शिल्लक 1,29,000 राहते. पहिल्या पद्धतीत 3,60,000 मधून 2,31,000 वजा केले तरी 1,29,000 च येतात. दुसऱ्या वर्षअखेरीस दोन्हींकडे 2,03,000 येतात, आणि तिसऱ्या वर्षी देणेच उरत नसल्यामुळे दोन्हींकडे यंत्र 2,91,600 वर येऊन मिळते. हा मेळ मला नेहमीच सुंदर वाटतो. फिटलेल्या हिश्श्यावर घसारा धरला असता, तर तो जुळला नसता.

वाणिज्य शिक्षक :
आकडे मी स्वतः मांडून पाहिले आणि ते जुळतात. घसाऱ्याविषयीचे माझे विधान मी मागे घेतो. तरीही विद्यार्थ्यांना दुसरी पद्धत शिकवताना मालकीची कल्पना अधिक स्पष्ट होते, असे माझे मत अजून आहे.

कारखानदार :
मग आमच्या पद्धतीने नेमके काय बिघडते? पैसे तर तेवढेच जातात.

जुना हिशेबनीस :
पैसे तेवढेच जातात, पण ते चुकीच्या वर्षावर पडतात. याच उदाहरणात आपल्या रीतीने पहिल्या वर्षी 1,33,100 भाडे आणि 69,000 वर 6,900 घसारा, मिळून 1,40,000 खर्च लागेल. खरा खर्च व्याज आणि घसारा मिळून 73,100 आहे. नफा 66,900 ने कमी दिसेल, ताळेबंदात यंत्र जवळजवळ दिसणारच नाही, आणि विक्रेत्याचे देणे तर मुळीच दिसणार नाही. हप्ते संपल्यावर उलट होईल. यंत्र चालत राहील, खर्च मात्र नाममात्र लागेल आणि नफा एकदम फुगेल.

कारखानदार :
आम्ही यंत्र हिशेबी वर्षाच्या मध्यावर घेतले होते आणि पहिला हप्ता पुढच्या वर्षात दिला. त्यामुळे पहिल्या वर्षी आमच्या वहीत व्याज म्हणून काहीच लागलेले नाही.

जुना हिशेबनीस :
तेही दुरुस्त करावे लागेल, कारण व्याज हप्ता देण्याच्या दिवशी निर्माण होत नाही, ते रोज चढत असते. या उदाहरणातील यंत्र वर्षाच्या मध्यावर घेतले असते, तर वर्षअखेरीस सहा महिन्यांचे 16,550 व्याज खात्याला नावे आणि देय व्याज म्हणून जमा लिहावे लागले असते. घसाराही कालावधीनुसार आकारत असाल, तर 20,000 लागला असता. दुसऱ्या हिशेबी वर्षाचे व्याज मग पहिल्या हप्त्यातील उरलेले 16,550 आणि दुसऱ्या हप्त्यातील 23,100 चे निम्मे 11,550, असे 28,100 होते. हप्त्याचे वर्ष आणि हिशेबाचे वर्ष वेगळे असेल, तर व्याजांश असा दोन वर्षांत चिरावा लागतो.

अनुवादिका :
मग ‘व्याजांश’चाही अंश करावा लागतो, आणि तेथे हा शब्द फारच अवघडतो. मी वाक्य असे बदलत आहे : ‘खरेदीदार प्रत्येक हप्त्यात सामावलेले व्याज, उरलेल्या देण्यावर हिशेब करून, वेगळे काढतो, आणि यंत्र एकरकमी घेतले असते तर पडली असती त्या किमतीवर घसारा आकारतो.’ वाक्य लांबले आहे, पण वाचकाला चुकण्यास जागा उरत नाही.

आणखी एक शंका आहे. काही ठिकाणी सुरुवातीलाच एकूण 68,300 व्याज एका तात्पुरत्या खात्याला नावे लिहून विक्रेत्याला पूर्ण 4,68,300 जमा देतात, आणि दर वर्षी त्या खात्यातून व्याज खात्याकडे रक्कम वळवतात. या खात्याला काय म्हणावे?

जुना हिशेबनीस :
आम्ही ‘व्याज उचंत खाते’ म्हणत आलो आहोत.

वाणिज्य शिक्षक :
‘उचंत’ म्हटले की ज्या रकमेचे खाते अजून सापडलेले नाही, अशी रक्कम मनात येते. येथे रक्कम कशाची आहे ते पूर्ण माहीत असते, फक्त तिची वेळ आलेली नसते. मी ‘भावी व्याज खाते’ सुचवीन.

जुना हिशेबनीस :
‘भावी’ शब्दात ते व्याज आजच जमेला लिहिले आहे, ही गोष्ट हरवते. मला अजून ‘उचंत’च बरा वाटतो.