‘आणखी एक चाकर पाठवायची भर घातली’: हे ग्रीक, की ग्रीक लिपीतलं हिब्रू?

मुग्धा_अ: लूक 20:11 मराठीत करतेय. द्राक्षमळ्याचा मालक पहिला चाकर मार खाऊन परतल्यावर ‘प्रोसेथेतो हेतेरोन पेम्प्साइ दूलोन’, शब्दशः ‘दुसरा चाकर पाठवायची त्याने भर घातली’. ही हिब्रू ढब की साधं ग्रीक, हे कशावरून ठरवायचं? आणि हिब्रू असेल तर ती मराठीत दिसू द्यायला नको का? माझं मत, द्यावी.

वि. शं.: शेजारी मार्क 12:4 उघडून ठेवा. तीच गोष्ट, पण मार्क सरळ ‘पालिन’ लिहितो, म्हणजे ‘पुन्हा’. हिब्रूत ‘पुन्हा करणे’ सांगायला ‘यासाफ’ वापरतात, म्हणजे भर घालणे. उत्पत्ती 4:2 मध्ये हव्वेला हाबेल होतो तिथे हेच क्रियापद आहे, आणि सेप्टुअजिंट, म्हणजे जुन्या कराराचं जुनं ग्रीक भाषांतर, करणाऱ्यांनी तिथे तेच शब्द ग्रीकमध्ये बसवले. लूकने ही लकब तिथून उचललेली दिसते. मार्कचं साधं ग्रीक त्याने मुद्दाम जुन्या शास्त्रासारखं केलं. मराठीत ‘भर घातली’ वाचून माणसाला वाटेल, आधीचा चाकर तिथेच होता आणि आता दोघं झाले. ‘मग त्याने पुन्हा दुसरा चाकर पाठवला’, बस्स.

सॅमी_वसई: ही हिब्रूची हौस एकोणिसाव्या शतकातली आहे हो. डाइसमान या जर्मन अभ्यासकाने इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरच्या लिखाणावरून दाखवून दिलं की नव्या कराराची भाषा म्हणजे बाजारातलं ग्रीक. मार्क 6:7 मधलं ‘दुओ दुओ’, शिष्यांना दोन-दोन करून पाठवलं, हे पक्कं हिब्रू समजायचे. मग इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या एका खाजगी पत्रात ‘त्रिया त्रिया’, तीन-तीन, सापडलं. विषय संपला.

वि. शं.: ‘दुओ दुओ’पुरता संपला, मान्य. ते पत्र तिसऱ्या शतकातलं, तोडलेल्या फांद्या तीन-तीन बांधायला सांगणारं; त्या माणसाला हिब्रूशी काय देणंघेणं? आणि मराठीत तर अडचणच नाही, आपण रोज ‘दोन-दोन’ म्हणतो. पण एक उदाहरण निकालात निघालं म्हणून सगळी निघत नाहीत. मार्क 8:12 घ्या. परूशी चिन्ह मागतात, येशू उसासा टाकून म्हणतो, ‘आमेन लेगो ह्युमिन, एइ दोथेसेताइ…’ नेहमीच्या ग्रीकप्रमाणे ‘एइ’ म्हणजे ‘जर’ असं लावलं तर ‘मी तुम्हांस खचित सांगतो, या पिढीला चिन्ह दिलं जाईल तर’, आणि वाक्य तिथेच लटकतं. ‘तर’च्या पुढचं कुठे गेलं? हिब्रू शपथेत ते बोलतच नाहीत: ‘मी असं केलं तर (माझं वाईट होवो)’, म्हणजे ‘मुळीच करणार नाही’. स्तोत्र 95:11 ची ‘एइ’वाली शपथ इब्री 3:11 मध्ये तशीच आलीय. मत्तय 16:4 मध्ये बघा, तिथे सरळ ‘ऊ’ आहे, ‘दिलं जाणार नाही’. ही ढब ग्रीक वाचकाला अडखळवणारी असावी, नाहीतर सोपी करायची गरज काय होती?

पोर्णिमा७२: आमच्या आजीच्या बायबलात आमेन, होसान्ना तसंच होतं, आम्ही तेच म्हणत मोठे झालो. असले शब्द बदलू नका प्लीज.

मुग्धा_अ: ते उसने शब्द आहेत ताई, ते राहतीलच. इथे शब्द ग्रीकच आहेत, बोलण्याची चाल परकी आहे.

विशं, शपथेचं वाचून मात्र मला उलटच वाटलं. ‘परत त्या घरात पाऊल टाकीन तर शपथ!’ हे आपण म्हणतोच की. मग ‘या पिढीला चिन्ह मिळेल तर शपथ!’ का नको? ढबही राहिली, अर्थही.

वि. शं.: हे चांगलं आहे. पण ते जमतं कारण मराठीत ती चाल आधीपासून आहे. ‘भर घातली’ला तसा आधार नाही.

मुग्धा_अ: मग लूकने मुद्दाम आणलेला जुनेपणा गेलाच ना? त्याची पहिली चार वचनं शिकल्या-सवरलेल्या माणसाचं ग्रीक, एकच लांब वाक्य. पाचव्यापासून पोथी सुरू. तुमच्या ‘पुन्हा’त पोथी कुठे?

वि. शं.: ‘असे झाले की’ ठेवा ना, लूक 2:1 ला. मराठी कानाला ते पोथीसारखंच लागतं. सूर कुठल्याही वाक्यात आणता येतो, त्यासाठी चुकीच्या अर्थाचं क्रियापद कशाला?

सॅमी_वसई: बरं, मार्क 8:12 सोडलं. पण लूक 22:15, ‘एपिथुमिया एपेथुमेसा’, इच्छेने इच्छिलं? प्लेटोमध्येही ‘फेउगोन फुगे’ आहे, पळून पळणारा. मग हे हिब्रू कसं?

वि. शं.: जोडी ग्रीकमध्ये चालते, हे खरं. पण उत्पत्ती 31:30 मध्ये लाबान याकोबाला म्हणतो तिथे सेप्टुअजिंटात हीच दोन शब्दांची जोडी आहे, फक्त ‘मी’ऐवजी ‘तू’. माझा कल हिब्रूकडे. शपथेवर नाही सांगणार.

मुग्धा_अ: मी तिथे ‘किती दिवसांपासून आस लावून बसलो होतो’ केलंय. हिब्रू असो की ग्रीक, बदलणार नाही.

सॅमी_वसई: ‘आस लावून बसलो’ म्हणजे वाट बघत बसल्यासारखं होतं. ‘फार फार इच्छा होती’ का नाही?