ग्रेड १ फॅटी लिव्हर म्हणजे ‘काही नाही’?

गावभागकर: चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या सांगलीच्या सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर येतं. लोक उगाच घाबरतात. ग्रेड १ म्हणजे काही नाही, ग्रेड २ ला जेवण सांभाळा, ग्रेड ३ आला की डॉक्टर गाठा. विषय संपला. माझाही १ आहे, मी निवांत आहे.

प्रोबवाला_मिरज: काका, रोज हेच ऐकून कान किटलेत, म्हणून सविस्तर लिहितो. सोनोग्राफी करताना आम्ही लिव्हर उजव्या किडनीशेजारी धरून बघतो. किडनीपेक्षा जरा पांढरं दिसलं की १, आतल्या शिरांच्या भिंती पुसट झाल्या की २, मागचा भाग आणि श्वासपटल दिसेनासं झालं की ३. यात मोजमाप कुठंच नाही, सगळा नजरेचा अंदाज. मशीनचा गेन वाढवला किंवा पोट सुटलेलं असलं की ग्रेड सरकतो. किडनीच आजारानं पांढरी पडली असेल तर तुलनाच फसते.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. ग्रेड चरबी सांगतो, फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये वण पडून ते कडक होणं, सांगत नाही आणि लिव्हर बिघडतं ते फायब्रोसिसनं. तो फार वाढला की चरबी उलट कमी होते, म्हणजे ग्रेड ‘सुधारतो’!

दोन रिपोर्ट बघा. यातले एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे ओटी आणि पीटी, हे रक्ततपासणीतले लिव्हरच्या एन्झाइमचे आकडे. पहिला माणूस ३८ वर्षांचा, ग्रेड २, एसजीओटी ३४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख ८० हजार. दुसरा ५४ चा, ग्रेड १, ओटी ५२, पीटी ४०, प्लेटलेट १ लाख ६० हजार. वयाला ओटीनं गुणा. प्लेटलेटचे हजार घेऊन त्यांना पीटीच्या वर्गमुळानं गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा. याला फिब-४ म्हणतात. पहिल्याचा येतो ०.६६, दुसऱ्याचा २.७७. १.३ च्या आत असलं तर बहुधा फायब्रोसिस फारसा नाही, २.६७ च्या वर गेलं तर तज्ज्ञाकडे जायलाच हवं. आता सांगा, निवांत कोणी बसायचं?

विट्याची_सून: ग्रेडचं सोडाच. एका सेंटरला माझा २ आला, आठवड्यात दुसरीकडे १. पहिल्या रिपोर्टवरून सासूबाईंनी तूप बंद केलं, दुसऱ्यावरून चालू केलं. पैसे दोन्हीकडे गेले.

प्रोबवाला_मिरज: ताई, ते ‘सुधारणं’ नव्हे, दोन डोळ्यांतला फरक आहे. आणि पथ्य ग्रेडप्रमाणे बदलत नाही. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवायचं. ८० किलोच्या माणसानं ६ ते ८ किलो. दारू बंद, गोड पेयं बंद. चमचाभर तुपावर भांडू नका, रसवंतीच्या ग्लासावर भांडा.

हळदपेठ: एवढं गणित कशाला? सांगलीत बसून हळद विसरलात? जीआय मिळालेली आपली हळद आहे. आमचे चुलते हळदीच्या कॅप्सूल घेतात, मिरीच्या अर्कासकट. लिव्हर एकदम स्वच्छ.

फार्मसी_तासगाव: ‘स्वच्छ’ कशावरून? सोनोग्राफीवरून? वर काय लिहिलंय ते वाचलं का? अशाच मिरीवाल्या कॅप्सूलनं लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. मिरीनं शोषण कित्येक पट वाढतं, म्हणून.

हळदपेठ: म्हणजे आता हळद विष झाली! पिढ्यान् पिढ्या खातोय आम्ही. औषध दुकानवाल्यांना दुसरं काय सुचणार?

फार्मसी_तासगाव: आमटीतली चिमूट आणि रोजचा हजार मिलिग्रॅम अर्क एकच का? धंदा तुमचाही आहे, हे पण सांगा की इथं.

हळदपेठ: आहे. सौदे करतो, लपवलेलं नाही. चुलत्यांचे ओटी-पीटी बघायला सांगतो, हे मान्य. पण भाजीतल्या हळदीला नाव ठेवाल तर गाठ माझ्याशी आहे.

विट्याची_सून: एक विचारू? डेंग्यूत माझ्या दिराच्या प्लेटलेट ७० हजारांवर आल्या होत्या. तेव्हा हे गणित केलं असतं तर?

प्रोबवाला_मिरज: उगाच घाबरला असतात. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि ओटी चढतो, आकडा फुगतो. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी करायचं. पस्तिशीच्या आतही यावर फार भरवसा नको.

गावभागकर: ग्रेडला अर्थच नसेल तर तुम्ही लोक लिहिता कशाला?

प्रोबवाला_मिरज: चरबी आहे एवढं तरी कळतं. थोडी असेल तर तीही सोनोग्राफीत निसटते. मी ग्रेडखाली ‘फायब्रोसिसचा अंदाज यावरून लावू नये’ अशी ओळ घालतो. काही फिजिशियनना ती आगाऊपणा वाटते. वाटू दे.

गावभागकर: बरं बाबा, केलं गणित. वय ६८, ओटी ३८, पीटी ३१, प्लेटलेट १ लाख ९० हजार. आला २.४४. झालं समाधान?

प्रोबवाला_मिरज: ६५ नंतर २ पर्यंत चालवून घेतात, तुम्ही वर आहात. याचा अर्थ फायब्रोसिस आहेच असा नाही. लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्या, ८ किलोपास्कलच्या आत आला तर बरंच. जाताना ३ तास उपाशी जा.

गावभागकर: सोमवारी जातो. ८ च्या आत आला तर इथं येऊन बोलणार आहे, तयारीत रहा.