एकच प्रेझेंटेशन दाखवायलाही आणि नंतर वाचायलाही: मदत हवी आहे

मुक्ताक्षर: मंडळी, पुढच्या आठवड्यात ग्राहकांच्या तक्रारींवर वीस मिनिटं बोलायचंय. तीच पॉवरपॉइंटची फाइल नंतर सगळ्यांना पीडीएफ करून जाणार. गेल्या वेळी स्लाइडवर मजकूर अगदी कमी ठेवला, तर दोघांचे फोन आले, 'या आलेखातून घ्यायचं काय?' म्हणून यंदा सगळं लिहून काढलं. सरावात ऐकणारे स्लाइड वाचत बसले, मी काय बोलतेय तिकडे कुणाचं लक्षच नाही. शिवाय आलेखावर एक चौकट जाऊन दुसरी येते, पीडीएफमध्ये दोन्ही एकमेकींवर चढल्यात. काय करू?

पाटीपेन्सिल: सोपं आहे. स्लाइड मोकळी ठेवा आणि सगळं स्पष्टीकरण लपवलेल्या स्लाइडवर टाका. `Hide Slide` केलं की बोलताना दिसत नाही.

निळीशाई: मोठे तक्ते तसे ठेवायला हरकत नाही, पीडीएफ करताना `Include hidden slides` वर खूण आहे ना तेवढं बघा. पण आलेख एका पानावर आणि त्याचा अर्थ भलत्याच पानावर गेला, की वाचणारा कंटाळतो. मी स्पष्टीकरण त्याच स्लाइडच्या नोट्समध्ये लिहितो. मुक्ताक्षर, तुमच्या आलेखाचं सध्याचं शीर्षक काय आहे?

मुक्ताक्षर: 'तक्रार निवारणाचा कालावधी'. तो ९ दिवसांवरून ४ वर आलाय, मध्ये एका महिन्यात मात्र वाढला होता.

निळीशाई: मग शीर्षकातच म्हणा, 'तक्रार आता ९ ऐवजी ४ दिवसांत मिटते'. सभेतही ते एका नजरेत वाचून होतं. खाली नोट्समध्ये चार-पाच पूर्ण वाक्यं: दिवस कधीपासून मोजले, कशामुळे कमी झाले, त्या महिन्यात का वाढले, आता वाचणाऱ्याकडून काय हवंय. 'इथे थांबायचं' असल्या स्वतःसाठीच्या खुणा तिथे ठेवू नका, त्याही सगळ्यांना जातील. पीडीएफ करताना `Options` मध्ये `Publish what` ला `Notes pages` निवडा.

चौकटींचं म्हणाल तर पीडीएफला हालचाल कळत नाही, स्लाइडवर ठेवलेलं सगळं एकदमच उमटतं. त्या स्लाइडची प्रत काढा आणि प्रत्येकीवर एकच चौकट ठेवा. दाखवताना फरक जाणवत नाही.

सांजवात: मी तर आदल्या दिवशीच पाठवते, सगळे वाचून येतात.

मुक्ताक्षर: सांजवात, आमच्याकडे आकडे सभेआधी बाहेर द्यायचे नाहीत, त्यामुळे ते जमणार नाही. निळीशाई, करून पाहिलं. सभेला न येणाऱ्या एका सहकाऱ्याला नुसती पीडीएफ दिली, तर आलेखाचा अर्थ तिनं बरोबर सांगितला. फक्त फोनवर अक्षरं फार बारीक दिसतात म्हणाली.

निळीशाई: `Notes Master` मध्ये नोट्सची अक्षरं मोठी करता येतात. पण त्यांना जागा द्यायची तर वरचं स्लाइडचं चित्र लहान करावं लागतं, मग आलेखातले आकडे वाचता येत नाहीत. फोनसाठी मला अजून धड तोड सापडलेली नाही. कुणी काही वेगळं करत असेल तर सांगा.